निरोपाच्या कागदावर सही मिळेपर्यंत

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी साडेसहा वर्षं मेंटेनन्स इंजिनिअर होते. हवेच्या झोताने धागा फेकणाऱ्या एअरजेट लूमना लागणारी हवा, ह्युमिडिफिकेशन प्लांट आणि बॉयलर हाऊस माझ्याकडे होतं. गेल्या एप्रिलमध्ये नोकरी सोडली. राजीनामा, नोटीस पिरियड, नो ड्यूजवरच्या सात सह्या, यातलं काहीच अडलं नाही. स्टोअरवाल्याने तर टॉर्क रेंच मोजायच्या आधीच सही ठोकली. अडलं ते एका पानाच्या आभाराच्या मजकुरावर, आणि त्यात शेवटचा अख्खा दिवस गेला.

निरोपाचा मेल मी चार दिवस आधीच लिहून ठेवला होता. सगळे लिहितात तसाच, इंग्रजीत, सर्वांचे आभार मानणारा. आदल्या रात्री पत्ते भरायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझ्या चौदा जणांपैकी फक्त तिघांकडे कंपनीचा मेल आयडी आहे. उरलेल्या अकरा जणांपर्यंत, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन, कॉम्प्रेसर ऑपरेटर आणि बॉयलरवाले मामा यांच्यापर्यंत तो मेल कधी पोचलाच नसता. व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता, पण मामांकडे बटणाचा फोन. ग्रुपात सुपरवायझरही होते आणि ठेकेदारही, त्यामुळे तिथे माणसं मोकळं बोलत नसत. तोंडी सांगावं तर रात्रपाळीवाले अकराला येणार, आणि माझं गेटपास संध्याकाळी साडेपाचला बंद होणार. राहिला कॉम्प्रेसर रूमबाहेरचा नोटीस बोर्ड. तिथे तिन्ही पाळ्या हजेरीला थांबतात.

मग मजकूर मराठीत नव्याने लिहिला. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तेलुगू, दोघांच्या घरी कन्नड, पण पाळी बदलताना सगळे मराठीतच बोलतात. ‘तुमच्या सहकार्याबद्दल आभार’ लिहिलं आणि लगेच खोडलं. असल्या वाक्यावर आमचा सिनियर फिटर म्हणाला असता, “मॅडम, हे लग्नपत्रिकेवर पण असतंय की.” आभार मानायचेच तर एका कामाचे मानावेत असं ठरवलं, आणि ते काम कोणतं याचा मला विचार करावा लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात लूमवर सारखा हवेचा दाब पडायचा. दाब पडला की वेफ्ट, म्हणजे आडवा धागा, पुढे नीट पोचत नाही, लूम थांबतो आणि विणकर आमच्या नावाने ओरडतो. वरचे लोक नवा कॉम्प्रेसर घ्यायचा म्हणत होते. आमच्या कॉम्प्रेसर ऑपरेटरचं म्हणणं वेगळं होतं : “हवा कमी नाही मॅडम, वाया जातीय. सुट्टीच्या दिवशी येऊन ऐका.”

साप्ताहिक सुट्टीला सगळे लूम बंद ठेवले आणि एकच कॉम्प्रेसर चालू केला. हवा वापरणारं कुणीच नव्हतं. अशा वेळी कॉम्प्रेसरने एकदा 7 बारपर्यंत दाब चढवून अनलोड व्हावं, म्हणजे हवा दाबणं थांबवून नुसतं फिरावं, आणि बराच वेळ तसंच राहावं. पण दाब पुन्हा 6 बारवर उतरत होता आणि तो परत लोड घेत होता. घड्याळ लावून अशा पाच फेऱ्या मोजल्या आणि सरासरी काढली. लोडवर 90 सेकंद, अनलोडवर 270. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागायचं : 90 भागिले 360, म्हणजे पाव. कॉम्प्रेसर जेवढी हवा तयार करू शकतो तिचा चौथा हिस्सा भोकांतून जात होता.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन पाईपलाईन पालथी घातली. मोठ्या पाईपला फारसं काही नव्हतं. गळती होती ती लूमजवळच्या पुश-इन फिटिंगमध्ये. तिथली पीयू ट्यूब तिरकी कापलेली होती, त्यामुळे ओ-रिंगवर ती सरळ बसत नव्हती. फिटर ट्यूब पक्कडने तोडत होते. चारशे रुपयांचा ट्यूब कटर आणला आणि त्या ट्यूबा सरळ कापून पुन्हा बसवल्या. दुसरं मोठं भोक रिसीव्हर टाकीतलं पाणी आपोआप सोडणाऱ्या ऑटो ड्रेनमध्ये सापडलं. पावसाळ्यात हवेतून पाणी जास्त निघतं, गंज आणि तेलाचा गाळ व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि तो उघडाच राहतो. तिथून पाणी संपल्यावरही नुसती हवा जात होती, आणि सगळ्यांना वाटायचं की ड्रेन काम करतोय. हे पकडलं बॉयलरवाल्या मामांनी. खरं तर त्यांचा त्या टाकीशी काहीच संबंध नाही. पण त्यांना तो आवाज ‘कोरडा’ वाटला.

शेवटी पुन्हा मोजलं. लोडवर 40 सेकंद, अनलोडवर 360, म्हणजे 10 टक्के. आमचा कॉम्प्रेसर 110 किलोवॅटचा. 15 टक्के वाचले म्हणजे साडेसोळा किलोवॅट, असं मी खुशीत लिहून टाकलं होतं. इलेक्ट्रिशियनने पॉवर मोजणारा क्लॅम्प मीटर लावून दाखवलं की अनलोडवरही मोटर जवळजवळ पाव वीज खाते. तेव्हा खरी बचत बारा किलोवॅटच्या आसपास, दिवसाला सुमारे तीनशे युनिट. नवा कॉम्प्रेसर आला नाही. (ही चाचणी करणार असाल तर एक ध्यानात ठेवा. लूम बंद असताना, लूमला हवा सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या पुढची गळती यात दिसत नाही. ती लूम चालू असताना कान लावूनच शोधावी लागते.)

हे सगळं मी त्या पानात लिहिलं, कुणी काय केलं ते नावानिशी, आणि सकाळी सव्वाअकराला एचआरमध्ये गेले. बोर्डावर कागद लावायचा तर त्यांची सही आणि गोल शिक्का लागतो.

क्लार्कने कागद उलटसुलट केला. “मॅडम, हे परिपत्रक आहे की अर्ज?” मी म्हटलं, आभार आहेत. त्याच्याकडे आभाराचा रकाना नव्हता. जावक क्रमांक हवा, तो मिळायला विभागप्रमुखाचं पत्र हवं. विभागप्रमुख मीच होते, दीड दिवसापूर्वीपर्यंत. चार्ज दिलेल्या माणसाची सही आणा म्हणाला. तो माणूस ह्युमिडिफिकेशनच्या डक्टमध्ये शिरला होता. बाहेर आला तेव्हा अंगभर कापसाचा फुफाटा, आणि त्याने वाचायच्या आधी सही केली. पानावर त्याचा काळा अंगठाही उमटला.

परत आले तर जेवणाची सुट्टी. बाकड्यावर बसून राहिले. उन्हाचा चटका आतपर्यंत येत होता आणि डोक्यावरचा पंखा गरम हवाच ढवळत होता. वेळ काढायला स्टाफसाठीचा मेल तरी पाठवू म्हणून लॅपटॉप उघडला तर लॉगिनच होईना. आयटीने माझं खातं एकला बंद केलं होतं, कारण त्यांच्या फॉर्मवर फक्त तारीख होती, वेळ नव्हती. चार दिवस जपलेला मसुदा आतच राहिला. म्हणून सांगते, निरोपाचा मेल आदल्या दिवशी पाठवा आणि मजकुराची प्रत कागदावर ठेवा.

तीन वाजता एचआरच्या साहेबांनी आत बोलावलं. वाचताना त्यांनी पेन्सिल हातात घेतली तेव्हाच मी ओळखलं. आधी नावं. “सहा जणांची नावं घेतलीत, बाकीचे आठ उद्या माझ्याकडे येतील.” मग ती पेन्सिल ‘पंचवीस टक्के’ या शब्दांवर थांबली. “हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, इतकी वर्षं पाव हवा वाया जात होती आणि मॅनेजमेंट काय करत होतं?” मी म्हटलं, साहेब, तेच तर या लोकांनी थांबवलं. ते म्हणाले, “भावना समजते. पण टक्केवारी काढा. ‘सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार’ असं लिहा, लगेच सही करतो.”

खरं सांगते, डोकं सणकलं. कागद फाडून निघून जावं असं वाटलं. गेले असते तर लवकर घरी पोचले असते. पण बाकड्यावर परत बसले आणि लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहिलं. नावं काढली, फक्त काम ठेवलं. काम सांगितलं की आमच्यात माणूस कळतो. टक्के काढले आणि सेकंद ठेवले.

शेवटी गेला तो मजकूर असा :

“सुट्टीच्या दिवशी येऊन ऐका असं जो म्हणाला, त्याचं ऐकलं म्हणून मी इथे काही शिकले. पक्कड सोडून कटर हातात घेतलेल्यांचे आभार. ड्रेनचा कोरडा आवाज ओळखणाऱ्या कानाचे आभार. माझा हिशेब मीटर लावून खोटा ठरवला, त्याचे सर्वांत जास्त. आधी लोड 90, अनलोड 270. नंतर लोड 40, अनलोड 360. ऑटो ड्रेन पावसाच्या आधी उघडून साफ करा. येते.”

साहेबांनी दोनदा वाचलं. “हे 90, 270 काय आहे?” मी म्हटलं, मशीनच्या वेळा. “बरं, टेक्निकल आहे,” म्हणून त्यांनी सही केली. शिक्का पॅड सुकलेलं होतं, क्लार्कने त्यावर पाणी शिंपडलं, आणि गोल शिक्का अर्धाच उठला. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बोर्डाच्या काचेची किल्ली टाइम ऑफिसच्या माणसाकडे, आणि तो चहाला. शेवटी इलेक्ट्रिशियनने काळ्या इन्सुलेशन टेपने कागद काचेवर बाहेरूनच चिकटवला. दुसऱ्या पाळीचे सात-आठ जण जमले. मामांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून एका अप्रेंटिसने मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कोरडा आवाज’ आलं तेव्हा सगळे मामांकडे बघून हसले. मामा म्हणाले, “मग? कोरडाच होता त्यो.”

साडेपाचला गेटवर कार्ड जमा केलं. दोन दिवसांनी ऑपरेटरने त्या कागदाचा फोटो पाठवला. ‘40’वर निळ्या पेनाने काट मारून शेजारी कुणीतरी लिहिलं होतं : 38. खाली रात्रपाळीच्या लॉगबुकचा पान नंबरही दिला होता.