तक्ता तोच, नियम वेगळा

गिरण्यांच्या जमिनींवरचा आमचा अहवाल छपाईला जायचा होता, त्या दुपारी सरांनी एका तक्त्याच्या स्क्रीनशॉटवर बोट ठेवलं. "हा कुठल्या सालचा नियम?"

तक्ता मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८चा, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ती कोणाला किती द्यायची हे सांगणारा. जमीन ५ हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के महापालिकेला, २७ म्हाडाला, ४० मालकाला. ५ ते १० हेक्टरला ३३, ३४, ३३. त्याहून मोठ्या जमिनीला ३३, ३७, ३०. आकडे अगदी बरोबर होते. पण हा तक्ता १९९१च्या नियमातही आहे आणि २००१च्या दुरुस्तीनंतरही तसाच राहिला. बदल झाला तो वरच्या मजकुरात. आधी वाटणी सगळ्या जमिनीची होती. दुरुस्तीनंतर फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या भागाची. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. समजा गिरणी ८ हेक्टरची आहे आणि त्यात मोकळी जागा १ हेक्टर. जुन्या नियमाने महापालिकेला २.६४ हेक्टर मिळतात, नव्याने ०.३३. मैदानं आणि कामगारांची घरं यांचा सगळा हिशेब त्या एका वाक्यावर उभा, आणि आमच्या स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच वाक्य कापलेलं.

तो स्क्रीनशॉट एका तरुण सहकाऱ्याने मोबाइलवर काढून व्हॉट्सअॅपवर टाकला होता. तिथे मूळ फाइलनाव जातं, `IMG-…-WA0007` असं काहीतरी उरतं, चित्रही दाबलं जातं. मुलगा मेहनती आहे, पण "सर, गूगलवर होतं" हे उत्तर मला अजूनही सहन होत नाही.

चित्राच्या वरच्या कडेला अर्धी कापलेली एक ओळ दिसत होती. मी ती मोठी करून पाहिली, जेवढे शब्द लागले तेवढे अवतरणचिन्हांत घालून शोधले आणि दोन पीडीएफ मिळवल्या. मग चित्रातल्या तक्त्याच्या शीर्षकाच्या ओळी कुठे तुटतात ते दोन्हींशी ताडून पाहिलं. १९९१च्या प्रतीशी जुळलं. अहवालातला हिशेब मात्र दुरुस्तीनंतरच्या एका गिरणीचा होता. प्रकरण छपाईतून काढावं लागलं.

स्क्रीनशॉटच्या चित्रात पत्ता नसतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. `Win+Shift+S` दाबलं की क्लिपबोर्डवर फक्त चित्र येतं. ते कुठल्या पानावरून घेतलं याची नोंद त्याच्यासोबत येत नाही. म्हणून साध्या वेबपानांसाठी मी वननोटचा वेब क्लिपर वापरते. त्यात पानाचा हवा तो भाग निवडला की चित्र आणि पानाची लिंक एकाच नोंदीत जातात. पीडीएफसाठी मी हातानेच करते: चित्र नोंदीत चिकटवायचं, `Ctrl+L` आणि `Ctrl+C` करून पत्ता उचलायचा, तो चित्राखाली टाकून शेवटी पानाचा क्रमांक जोडायचा, म्हणजे `#page=14`. क्रोममध्ये ती लिंक थेट त्या पानावर उघडते. आणि चौकट ओढताना तक्त्याच्या वरचं कलम आत आलंच पाहिजे.

मराठी कागदपत्रांत तर स्क्रीनशॉटवाचून गत्यंतर नसतं. जुन्या फॉन्टमधल्या सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की नुसता कचरा येतो. शोधात चित्रातली देवनागरी सापडेल याचाही भरवसा नाही, म्हणून चित्राखाली एक ओळ मी स्वतः टाइप करते: "नियम ५८, गिरणी, १९९१चा मूळ मजकूर".

लिंक ठेवली म्हणजे काम झालं असंही नाही. एका सरकारी पोर्टलवर काहीही शोधा, वरचा पत्ता बदलतच नाही. उद्या ती लिंक उघडली की रिकामा फॉर्म समोर. तिथे मी शोधताना काय भरलं तेही लिहून ठेवते. त्याहून वैताग `blob:` ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा. तो पत्ता ब्राउझरने तेवढ्यापुरता तयार केलेला असतो, टॅब बंद केला की मेला. तो नोंदीत टाकणं म्हणजे काहीच न टाकणं. तिथे फाइल उतरवून नोंदीला जोडावी लागते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या पोर्टलला कागदाचा कायमचा पत्ता देता येत नाही, हे मला पटत नाही.

त्या मुलाचे बाकीचे स्क्रीनशॉट मी "स्रोत नाही" नावाच्या वेगळ्या विभागात ठेवलेत. त्यात एका गिरणीचा जमिनीचा नकाशा आहे, जो मला आणखी कुठेच मिळालेला नाही. सर म्हणतात, वापरू या, खाली "उपलब्ध प्रत" लिहू. मी अजून होकार दिलेला नाही.