पाडव्याआधी मी पगार मागितला

2012 सालच्या जून महिन्यात मी कृषी केंद्रात लागलो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, रस्त्यावरचं, आठवडी बाजाराचं. बारावी झाली होती, घरी दोन एकर कोरडवाहू होतं. शेठ म्हणाले, "ये सीझनपुरता." तो सीझन अजून संपला नाही.

सुरुवातीला तीन हजार होते. 2016 ला पाच झाले, 2019 ला सात. दोन्ही वेळा शेठनं आपणहून वाढवले, मी मागितले नव्हते. त्यानंतर मात्र गाडी तिथंच थांबली. आधी लॉकडाऊन आला, मग एक वर्ष कापूस पाण्यात गेला, मग शेठच्या घरी लग्न निघालं. दर वर्षी काहीतरी असायचंच आणि मी मनातल्या मनात त्यांच्याच बाजूनं बोलायचो.

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव मला पाठ असतो. बीजी-दोन या बीटी बियाण्याच्या पाकिटावरची किंमत दर वर्षी केंद्र सरकार ठरवते, तीच छापलेली असते. 2019 ला ते पाकीट 730 रुपयांचं होतं. मग 767 झालं, 810 झालं, 853 झालं. 2024 च्या मार्चमध्ये नवा भाव आला, 864. मी तो पाटीवर खडूनं लिहीत होतो आणि लिहिता लिहिता हात थांबला. सात हजाराचा मी 2019 पासून सात हजाराचाच होतो.

खरं तर त्याआधी दोनदा मागून पाहिलं होतं. पहिल्यांदा ऐन जूनमध्ये. काउंटरवर पंधरा माणसं उभी, ज्याच्या त्याच्या तोंडी एकाच वाणाचं नाव, खताच्या मशीनला रेंज नाही, एका आजोबांचा अंगठा काही केल्या उमटत नाही. त्या गडबडीत मी शेठच्या कानाशी लागलो. "सीझन होऊ दे," एवढंच म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. दुसऱ्यांदा दिवाळीला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोनसचं पाकीट आणि चिवड्याचा डबा हातात ठेवला. हातात पाकीट असताना कसं मागणार?

डोळे उघडले ते त्याच मार्चच्या शेवटी. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला बदलते. पाडव्याच्या आधी पंधरा दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नसतो, कोण कुठून सुटला, कोण कितीत ठरला. शेठची बारा एकर शेती आहे. त्यांचा गडी दुकानातच आला, खताच्या थैलीवर बसला आणि सरळ म्हणाला, "यंदा सव्वा लाख, आन् दोन पोते जवारी." शेठ दहा मिनिटं कुरकुरले, एक पोतं कमी केलं, सव्वा लाखाला हो म्हणाले. ती चिठ्ठी मीच लिहिली. लिहून झाल्यावर बाराला सातानं गुणलं. चौऱ्याऐंशी हजार.

त्या गड्याचा मला राग आला नाही. उन्हात तो मरतो, मी पंख्याखाली बसतो. पण तो दर वर्षी मागतो आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, हे मात्र लागलं. मागायचे दिवस हेच होते. एक तर साऱ्या गावात मजुरीचीच बोलणी चाललेली असतात. दुसरं म्हणजे तोवर कापूस विकून उधारी वसूल झालेली असते आणि नव्या बियाण्याचा माल अजून भरायचा असतो. एप्रिलअखेर कंपन्यांचे पैसे भरणं सुरू झालं की शेठच्या गल्ल्यात खडखडाट असतो.

मागायचं ठरलं, पण पायात एक दोरी होती, उचल. 2022 ला आईच्या ऑपरेशनला बावीस हजार घेतले होते. माझ्यासारखे कित्येक जण याच दोरीनं गप्प असतात. ज्याचं देणं आहे त्याच्याकडे वाढ कोणत्या तोंडानं मागावी? मी माझी डायरी काढली. ती ठेवायची सवय दुकानानंच लावली होती. उधारीवाल्यांशी भांडणं होतात ती न लिहिलेल्या पैशावरूनच. तेरा महिने पगारातून हजार हजार कापलेले आणि दिवाळीच्या बोनसमधून तीन हजार. सोळा फिटले, सहा राहिले.

मग एका कागदावर वर्षभराचं काम मांडलं. आधी सगळंच लिहिलं, झाडलोटीपासून. वाचून पाहिलं तर ते रडगाणं वाटलं. झाडून घेणारा शेठला पाच हजारात मिळाला असता. म्हणून कागद फाडला आणि दुसऱ्यावर दोनच गोष्टी ठेवल्या.

पहिली वसुली. त्या वर्षी खरिपाची उधारी नऊ लाख वीस हजार होती. त्यातले पाच लाख ऐंशी हजार मी आणले होते, तारीखवार. वसुलीला मोटरसायकल कोणीही फिरवेल, पण कोणाकडे कधी जायचं हे कळावं लागते. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस देणाऱ्याचे पैसे बँक खात्यात येतात, तेही काही दिवसांनी. त्याच्या दारात गाडी परतल्याच्या संध्याकाळी गेलं तर तो खरंच रिकामा असतो आणि वरून चिडतो. खाजगी व्यापाऱ्याला विकणाऱ्याकडे मात्र त्याच संध्याकाळी जावं लागते. सकाळपर्यंत ते पैसे सोनाराकडे नाही तर सोयऱ्याकडे गेलेले असतात. कोण कुठं विकतो हे मला ठाऊक असते, कारण बियाणं नेताना माणूस सगळं बोलतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. कीटकनाशकाच्या डब्यावर वापरायची शेवटची तारीख असते, ती उलटली की माल विकता येत नाही आणि कंपनीही सहजासहजी परत घेत नाही. आदल्या ऑक्टोबरात मागच्या फळीवरचे चोवीस डबे मी शोधून काढले, तीन महिने बाकी होते. मुदतीआधी परत गेले. साडेअकरा हजाराचा माल वाचला. हे शेठला माहीत होतं, पण विसरले होते.

जीएसटीचा हिशेब करायला येणाऱ्या लेखनिक भाऊनं आणखी एक गोष्ट सांगितली. किमान वेतनाचा कायदा तेव्हा 1948 चा होता, दुकानात एकच नोकर असला तरी लागू व्हायचा, आणि दुकानांसाठीचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलायचा. त्यानं मोबाईलवर तक्ता दाखवला. आकडा माझ्या पगाराच्या बराच वर होता. मी तो कागदावर उतरवून खिशात ठेवला, पण आधी काढायचा नाही असं ठरवलं. पहिल्याच वाक्यात कायदा काढला असता तर पगार कदाचित वाढला असता, पण पोळ्यापर्यंत माझी सुट्टी झाली असती. गावात दुसरं कृषी केंद्र एकच आहे, आणि ते शेठच्या साडूचं.

वेळ संध्याकाळची धरली. सकाळी बोहनीच्या आधी पैशाचं नाव काढायचं नसते. पाडव्याला चार दिवस होते. साडेआठला अर्धं शटर ओढलं, गल्ला मोजून झाला. शेठनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी उभाच होतो.

"शेठ, जरा बोलाचं होतं."

"बोल ना."

"पगाराचं."

ते काही बोलले नाहीत. मीही थांबलो. बाहेर एसटी येऊन गेली तेवढा वेळ.

"2019 पासून सात हजारच हाय, शेठ. पाडव्यापासून बारा करा म्हनतो."

"बारा?" त्यांनी मागं पाहिलं, थप्पीकडे. "अरे, युरियाची थैली पाह्य. 2018 पासून 266 रुपये पन्नास पैसे. वाढली का कवा? त्याच्यात मले काय सुटते? अन् तू बारा मांगतं?"

हे मी घोकून ठेवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. "युरियाले सरकार पैसे देते, शेठ. मले कोन देते?"

ते हसले. हसायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं, पण हसले. मग गंभीर झाले. "पयले उचल तं फेड. नऊ हजार हायेत अजून."

"सहा."

"नऊ."

लाल वही निघाली. मी माझी डायरी शेजारी ठेवली. दोघांनी बोट ठेवून एकेक महिना पाहिला. तेरा महिने जुळले. बोनसमधून कापलेले तीन हजार त्यांच्या वहीत नव्हते. मी काही बोललो नाही. ती दिवाळीची संध्याकाळ त्यांना आठवेपर्यंत फक्त बोट तिथं ठेवून उभा राहिलो. "हो, कापले होते," म्हणाले, आणि पेननं लिहिलं. माझ्या मते सारी गोष्ट तिथं फिरली. वसुलीचा कागद मी त्यानंतर काढला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि डब्यांच्या ओळीवर नखानं एक खूण केली.

"नऊ देतो."

"दहा तरी करा."

"साडेनऊ. याच्या वर नाही जमत यंदा. उचल हजारानं चालू ठेव."

खिशातल्या तक्त्यावर माझा हात गेला होता. काढला नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही; बायकोच्या मते चूक. मी एकच जास्तीचं मागितलं, "वहीत लिहा शेठ, तारीख टाकून." त्यांनी लिहिलं, आणि जरा जोरानंच वही मिटली.

पुढचे आठ-दहा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मालाच्या पावत्या स्वतः तपासू लागले, तेही पूर्वी कधी करत नव्हते. मला वाटलं, गेलं सगळं. मेच्या पाच तारखेला साडेआठ हजार हातात आले, हजार कापून. शेठनं वही माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "कापलेलं तूच लिही." तेव्हापासून मीच लिहितो. ऑक्टोबरात उचल फिटली. पगार त्या तक्त्यावरच्या आकड्याखालीच आहे, तो कागद घरी पेटीत ठेवला आहे.

2025 च्या पाडव्याच्या सुमारास बियाण्याचा नवा भाव आला, 901. शेठनं मोबाईलवर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाटीवर लिही. अन् तू काय आता याच्यावरून मांगशीन?"

मी खडू उचलला. "बोहनी तं होऊ द्या, शेठ."