निम्मी उष्णता गेली कुठे?

गेल्या वर्षीच्या सराव परीक्षेनंतरचा तो दिवस. मी केंब्रिज बोर्डाच्या ए लेव्हलला रसायनशास्त्र शिकवतो. त्यात पेपर ५ असतो, नियोजन, विश्लेषण आणि मूल्यमापनाचा. प्रयोगशाळेत हात न लावता, कागदावर दिलेल्या प्रयोगाबद्दल बोलायचं. हुशार मुलंही हमखास अडतात ती त्यातल्या मूल्यमापनाच्या प्रश्नावर.

पेपर वाटून झाले आणि वर्गातली सगळ्यात मेहनती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सहा गुणांच्या प्रश्नाला तिला एक मिळाला होता. "सर, मी तीन मर्यादा लिहिल्यात, तीन सुधारणा लिहिल्यात. मग पाच गुण कशाचे गेले?" आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

प्रश्न इथेनॉलच्या ज्वलन उष्णतेचा होता. काचेच्या बीकरमध्ये १०० ग्रॅम पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. पाण्याचं तापमान २६.० वरून ४६.० अंशांवर गेलं, दिव्याचं वजन १७८.४२ ग्रॅमवरून १७७.८७ वर आलं. म्हणजे ०.५५ ग्रॅम इथेनॉल जळून पाण्याला ८.३६ किलोज्यूल उष्णता मिळाली. ऋण चिन्ह बाजूला ठेवलं तर हे मोलमागे सुमारे ७०० किलोज्यूल होतात. पुस्तकातली किंमत आहे १३६७. प्रयोगाचं मूल्यमापन करा, एवढंच विचारलं होतं.

तिनं लिहिलं होतं: मानवी चूक झाली असेल, प्रयोग पुन्हा करून सरासरी घ्यावी, तापमापक पुरेसा अचूक नाही, डिजिटल वापरावा, उष्णता वाया गेली, प्रयोग निर्वात जागेत करावा.

मी म्हटलं, "अगं, आधी एक आकडा काढू. तापमापकामुळे उत्तर किती हलू शकतं?" प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची अनिश्चितता, वाचनं दोन, म्हणजे २० अंशांत एक अंश. पाच टक्के. वजनकाट्याचं तसंच धरलं तर ०.५५ मध्ये ०.०२, साधारण चार टक्के. दोन्ही मिळून नऊ. आणि उत्तर कमी आलंय ते जवळपास ४९ टक्क्यांनी. ती त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कितीही भारी थर्मामीटर आणला तरी चाळीस टक्के तसेच राहणार."

तेच. आणि सरासरीनंही ते भरून निघत नाही, कारण उष्णता प्रत्येक वेळी एकाच बाजूला गळते. दहा वेळा केलं तरी दहाही उत्तरं कमीच येतील. ही सिस्टिमॅटिक एरर. तिच्या तीन मुद्द्यांपैकी फक्त उष्णता वाया जाण्याचा मुद्दा खऱ्या कारणाला भिडत होता, तो एक गुण तिथलाच. पण निर्वात जागेत दिवा पेटणार कसा? ज्वलनाला ऑक्सिजन लागतो.

मधल्या सुट्टीनंतरचा तास रिकामा होता. मामांना सांगून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि तोच प्रयोग मांडला. मी तिला एकच सांगितलं, वही मिटून ठेव आणि उष्णता कुठे जातेय ते नुसतं बघ.

आधी तिनं बीकरच्या शेजारी, ज्योतीपासून वीतभर अंतरावर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. पंखा चालू होता, ज्योत एका बाजूला कलत होती. बीकर खाली घेतला तर बुडाला काजळीचा जाड थर. बोटानं पुसून म्हणाली, "हा कार्बन जळलाच नाही." बरोबर, अपुरं ज्वलन, त्यातून निघायची तेवढी उष्णता निघालीच नाही. दिवा विझवून टोपण न लावता काट्यावर ठेवला, तर डोळ्यांदेखत शेवटचा आकडा खाली सरकला. दोनेक मिनिटांत ०.०२ ग्रॅम. गरम वातीवरून इथेनॉल नुसतंच उडून जात होतं आणि आपण ते जळालं असं धरून भागाकार करत होतो.

मग मी तो रिकामा बीकर काट्यावर ठेवायला सांगितला. जवळजवळ १०० ग्रॅम. काच तापवायलाही उष्णता लागते, ग्रॅमला अंशामागे सुमारे ०.८४ ज्यूल. २० अंशांसाठी १.७ किलोज्यूलच्या आसपास. आपल्या हिशेबात ते कुठेच नव्हते. धरले तर उत्तर ७०० वरून सुमारे ८४० होतं. म्हणजे हरवलेल्यातला पाचवा हिस्सा एकट्या काचेत होता, बाकीचा हवेत, काजळीत आणि वातीवर. मला स्वतःला मूल्यमापनात हाच भाग सगळ्यात आवडतो. मर्यादा नुसती सांगायची नाही, तिनं किती खाल्लं तेही जमेल तिथे दाखवायचं.

सुधारणा करताना मात्र आमची थोडी झटापट झाली. तिला बॉम्ब कॅलरीमीटर लिहायचा होता, म्हणजे बंद भांड्यात ऑक्सिजन भरून इंधन जाळतात आणि उष्णता मोजतात तो. मी नको म्हटलं; तो आणला की दिवा, बीकर सगळंच बदलतं, प्रश्न या प्रयोगाबद्दल आहे. मग तांब्याचा डबा घेतला, त्याचं वजन केलं आणि त्याची उष्णताही हिशेबात धरली. वर झाकण, पंखा बंद, भोवती पत्र्याचा आडोसा. पहिल्यांदा तिनं आडोसा चारी बाजूंनी घट्ट बंद केला तर ज्योत पिवळी पडून काजळी आणखी वाढली. हवेला खालून वाट ठेवली तेव्हा सुधारलं. दिवा विझताच टोपण, मग वजन. या वेळी उत्तर ९७० च्या आसपास आलं. १३६७ पासून अजून लांबच, पण काय बदललं म्हणून काय सुधारलं ते तिला एकेक करून सांगता येत होतं.

तिथेच उभ्यानं तिनं उत्तर नव्यानं लिहिलं. त्यातला एक तुकडा असा होता: "दिवा विझल्यावर वजन होईपर्यंत वातीवरून इथेनॉलचं बाष्पीभवन होतं. त्यामुळे जळालेलं वस्तुमान प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजलं जातं आणि मोलमागची उष्णता कमी येते. विझवताच टोपण लावून लगेच वजन करावं." तीन वाक्यं. कारण, परिणाम कोणत्या दिशेनं, आणि याच टेबलावर करता येईल असा उपाय. मी शेजारी पूर्ण गुण लिहिले.

ती सामान आवरत होती, तापमापक हातात होता. अचानक थांबली. "सर, हा डब्याच्या बुडाला टेकला असता तर? बूड पाण्यापेक्षा गरम असतं. मग तापमानवाढ जास्त दिसली असती, उत्तर वाढलं असतं. म्हणजे चूक खरीच, पण उत्तर कमी का आलं याचं कारण म्हणून ती लिहिता येणार नाही ना?"

नाही येणार. आणि मला आठवलं की "तापमापक बुडाला टेकला असावा, म्हणून उत्तर कमी आलं" या वाक्याला मी त्याच गठ्ठ्यात निदान तीन मुलांना गुण दिले होते. संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसून तो गठ्ठा पुन्हा सोडला आणि पहिल्या पेपरपासून दिशा तपासत गेलो.