वरचे सुट्टे साठवले, पण काढताना नाकी नऊ आले

खर्चाची रक्कम वरच्या आकड्यापर्यंत नेऊन फरक बाजूला टाकायचा, ही युक्ती मला भावजयीने सांगितली. रिक्षाला २६ रुपये दिले की ॲप ते ३० धरतं आणि ४ रुपये वळते करतं. दिवसभराचे असे फरक एकत्र करून खात्यातून एकदाच कापले जातात आणि त्याचं डिजिटल सोनं घेतलं जातं. ॲप घेणं, ऑटोपेला परवानगी देणं, पिन टाकणं, सगळं चहा उकळेपर्यंत झालं.

सहा महिन्यांनी फ्रिजच्या दुरुस्तीसाठी पैसे काढायला गेले आणि तिथे अडकले. ॲप म्हणे, खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. मला आधी कळेना, याच खात्यातून रोज पैसे जातात ते कसे? कारण पैसे घेताना कोणी नाव तपासत नाही, यूपीआयचा पिन पुरतो. परत देताना मात्र आधी खात्यात १ रुपया पाठवतात, बँकेकडून खातेदाराचं नाव येतं आणि ते पॅनशी ताडून पाहतात. माझं पॅन आणि आधार सासरच्या नावाने, पण खातं पहिल्या नोकरीतलं, माहेरच्या नावाचं. घेताना चाललं ते नाव देताना चालेना!

मग बँक. काउंटरवरच्या बाईंनी केवायसीचा फॉर्म दिला, आधार-पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला. ते घेऊन गेले, तर त्या दिवशी काउंटरवर दुसरे गृहस्थ. दाखला उलटासुलटा करून म्हणाले, "मॅडम, यात तुमचं लग्नानंतरचं नाव कुठेय? राजपत्र आणा." दाखल्यावर वधूचं माहेरचंच नाव होतं, लग्नाच्या दिवशी दुसरं कुठलं असणार? मी म्हटलं, दाखल्यावर नवऱ्याचं नाव आहे, आधारवर तेच नाव-आडनाव लागलंय, दोन्ही शेजारी ठेवून बघा. ते म्हणाले, सिस्टीम घेत नाही. सिस्टीमला विचारलं का, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. शेवटी मॅनेजरांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, फॉर्मवर सही केली, म्हणाल्या, "ठेवून जा, होईल." राजपत्राचं नावही काढलं नाही. नाव बदलल्याचा मेसेज मात्र कितीतरी दिवस आला नाही. आला तेव्हा ॲपमधलं जुनं खातं काढून तेच पुन्हा जोडावं लागलं, कारण ॲपला आधीचंच नाव पाठ होतं.

या सगळ्यात रोजची कापणी चालूच! वैतागून ॲप उडवलं तरी दुसऱ्या दिवशी पैसे गेले. ऑटोपेची परवानगी त्या ॲपमध्ये राहत नाही, ती तुमच्या यूपीआय ॲपमध्ये असते. तिथे ऑटोपे किंवा मँडेट नावाच्या पानावर जाऊन ती थांबवायची किंवा रद्द करायची. म्हणून सुरुवातीलाच दहा-वीस रुपये जमले की ते काढून बघा. खात्यात आले तरच पुढे चालू ठेवा.

सोन्याचंही सांगायला हवं. खरेदीवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपयांत सुमारे ९७ रुपयांचंच सोनं येतं. वर विक्रीचा भाव खरेदीपेक्षा कमी असतो. तो फरक ३ टक्के धरला तर लगेच विकल्यावर हातात साधारण ९४ रुपये येतील. भाव चढला तर हे भरून निघतं, पण फ्रिजसाठी ठेवलेल्या पैशांनी भावाची वाट का पाहावी? शिवाय डिजिटल सोनं आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला आहे.

आता मी हे हाताने करते. रविवारी रात्री यूपीआयची यादी उघडते, फरकांची बेरीज करते आणि दुसऱ्या बँकेतल्या, फोनला न जोडलेल्या बचत खात्यात पाठवते. त्या खात्याचं नाव आधी तपासून घेतलं, हे सांगायला नकोच.

किती रुपयांपर्यंत वर न्यायचं, हा खरा प्रश्न. माझा एक दिवस बघा: दूध २९, भाजी ४०, रिक्षा २६, चहा २०, औषधं १८७. दहाच्या पटीत नेलं तर १, ०, ४, ०, ३, म्हणजे जेमतेम ८ रुपये. आपल्याकडे भाजी, चहा, वडापाव मुळातच दहाच्या पटीत, तिथे फरक उरतच नाही. पन्नासच्या पटीत नेलं तर २१, १०, २४, ३० आणि १३, एकूण ९८. वीसच्या चहावर तीस रुपये बचत! महिन्याला तीन हजारांच्या आसपास, मग न दुखता कसलं? मी शंभरच्या आतल्या खर्चाला दहाची आणि वरच्याला पन्नासची पट लावते. याच दिवसाचे १८ होतात, ते मला जाणवत नाहीत.