हळदीच्या घरातील मैल्याची गाडी : आमची वाटचाल

आमचे घर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर वाढलेले. जमिनीखाली पेव खणून त्यात हळद साठवायची आणि भाव आला की काढायची, हा आबांचा धंदा. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि तो धंदा बसला, तरी घराची ऐट मात्र बसली नाही. 2012 मध्ये सेप्टिक टँक उपसण्याची गाडी घेण्याचा माझा विचार पक्का झाला. कुपवाड आणि विश्रामबाग भागांत नवी घरे भराभर उभी राहत होती, ड्रेनेजची लाइन पोहोचलेली नव्हती आणि उपसणाऱ्या गाडीसाठी लोक आठ-आठ दिवस थांबत होते. तरीही घरी सांगायचे धाडस मला झाले नाही. ‘टँकर घेतोय’ एवढेच मी सांगितले, आणि घरच्यांनी तो पाण्याचा धरला.

ही चूक मला फार महागात पडली. सहा महिन्यांनी धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आमच्याच धंद्यातील एका गाडीवाल्याने त्यांच्या कानावर सगळे घातले. त्याचे नाव मी लिहीत नाही, पण विसरलोही नाही. पाहुणे चहा घेऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आबा एवढेच म्हणाले, “हळदीच्या घरातनं मैल्याची गाडी निघायची न्हाई.” दुसऱ्या दिवशी ते पतसंस्थेत गेले आणि माझ्या वाढीव कर्जाला जामीन राहण्यास त्यांनी नकार दिला.

नेमका त्याच महिन्यात पंप बंद पडला. व्हॅक्यूम पंप मैला ओढत नाही, तो गाडीवरच्या टाकीतील हवा ओढतो आणि त्या पोकळीकडे मैला पाइपातून धावतो, हे या धंद्यातील लोकांना सांगायला नको. टाकी भरत आली की वरच्या झडपेतील तरंगता गोळा उचलला जाऊन पंपाची वाट बंद व्हायला हवी. आमच्या गोळ्याखाली चिंधी अडकली होती. भरल्याची खूण दाखवणारी काच मळलेली असूनही मी ती त्या दिवशी पुसली नव्हती. पाणी पंपात गेले, पाती चिकटली आणि गाडी उभी राहिली. ती काच पुसण्यासाठीचे फडके तेव्हापासून मी खिशातच ठेवतो.

त्या वेळी मिरजेच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी मला सावरले. भर लग्नसराईत टाकी तुंबली तर वऱ्हाडापुढे काय होते, हे ते एकदा भोगून बसले होते. त्यांनी पूर्ण हंगामाचे पैसे आगाऊ दिले आणि पंप दुरुस्त झाला. आजही त्यांचा फोन आला की दुसरे काम थांबते.

आबांचा विरोध एकच नव्हता, हे मला त्यानंतर समजले. बहिणीचे लग्न, भावकीतला मान आणि पोराच्या जिवाची काळजी असे तिन्ही विषय एकाच ‘न्हाई’त गुंडाळलेले होते. पहिल्या दोहोंवर मी वाद घातला नाही. गाडी कुपवाडच्या भाड्याच्या जागेत लावली, गाडीवर आडनाव घातले नाही आणि पुढच्या स्थळाला पहिल्याच भेटीत धंदा सांगितला. दोन स्थळे परत गेली, तिसरे जमले. ज्यांना घरी हा विषय काढायचा आहे त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीच काढावा. नंतर कळलेला धंदा घरच्यांना फसवणूकच वाटतो.

तिसऱ्या विषयावर मात्र आबा स्वतःच बोलले. एकदा ते कुपवाडला आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “टाकीत माणूस उतरतो का?” पेव उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत जायचे नाही आणि आधी कंदील सोडून पाहायचा, कंदील विझला तर आत जीव गुदमरतो, हे त्यांनी उभा जन्म पाळलेले होते. मी सांगितले, “नाही, आणि इथे कंदीलही चालत नाही. आत पेटणारा वायू असतो, ज्योतीने भडका उडेल. शिवाय दुसरा एक विषारी वायू असा की सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, वाढला की नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते हवा निवळली.” 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा आहे, हेही मी सांगितले. तळाला घट्ट साका बसला असेल तर आम्ही वरून पाणी सोडतो, लांब बांबूने ढवळतो आणि पुन्हा ओढतो. त्याने निघाला नाही, तर ग्राहकाला तसे सांगून परत येतो. आबांनी खूप वेळ विचार करून विचारले, “मग बांबू किती लांब?” काळजीपोटी नव्हे, तर धंद्याबद्दल म्हणून त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

हल्ली फोनची वही आबाच लिहितात. गाडी अजूनही आमच्या गल्लीत दिवसा येत नाही, घरची टाकी भरली की ते स्वतः सांगतात, “रात्री अकरानंतर या.”