डेटा, क्रायटेरिया आणि क्रियापद

"सर, डेटा इज लिहायचं की डेटा आर? गाइड एक सांगतात, नेटवर दुसरंच दिसतं."

दोन्ही बरोबर. एपीए शैलीत प्रबंध द्यायचा असेल तर मात्र डेटा अनेकवचनीच धरावा लागतो. पण मला खरी काळजी क्रायटेरियाची आहे. डेटाला मिळालेली सूट तुम्ही त्यालाही देऊन टाकता.

डेटा हे मूळचं लॅटिन अनेकवचन, एकवचन डेटम. इंग्रजीत डेटम आता क्वचितच दिसतं आणि डेटा कुणी मोजत बसत नाही. 'थ्री डेटा' कानाला खटकतं, 'मच डेटा' खटकत नाही. पाणी किंवा वाळूसारखा तो एकसंध झाला, म्हणून 'डेटा इज' रुळलं. क्रायटेरिया आणि फिनॉमिना मूळचे ग्रीक. त्यांची एकवचनं, क्रायटेरियन आणि फिनॉमिनन, आजही वापरात आहेत आणि 'थ्री क्रायटेरिया' आपण सहज लिहितो. जे मोजता येतं त्याच्या अनेकवचनाला अनेकवचनी क्रियापद लागतंच. नुसतं मूळ बघून हे ठरत नाही: अजेंडाही लॅटिन अनेकवचनच होतं, पण आज 'अजेंडा आर' कुणी लिहीत नाही.

समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांवर प्रबंध आहे. त्यात वाक्य येतं, 'द मेन क्रायटेरिया फॉर सिलेक्शन वॉज एक्स्पीरियन्स.' इथे लाल पेन उचलण्याआधी मी विचारतो, निवडीच्या कसोट्या किती होत्या? अनुभव एवढीच असेल, तर 'क्रायटेरियन वॉज'. अनुभव आणि वय अशा दोन असतील, तर 'क्रायटेरिया वेअर', आणि वाक्यात वयही यायला हवं. व्याकरणाची चूक दिसते, पण खाली बऱ्याचदा माहितीच अर्धवट असते.

पुढच्याच ओळीत 'वन ऑफ द क्रायटेरिया वॉज एज' असतं, आणि ते बिनचूक आहे. तिथे वॉज हे 'वन'चं क्रियापद आहे. मला वाटतं, अशी वाक्यं वाचून वाचूनच 'क्रायटेरिया वॉज' कानात बसतं. म्हणून क्रियापदाच्या लगतचा शब्द बघू नका, कर्ता शोधा.

डेटाच्या बाबतीत गोंधळ वेगळा. पहिल्या प्रकरणात 'दीज डेटा वेअर कलेक्टेड', चौथ्यात 'धिस डेटा शोज'. एक काहीतरी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. फक्त क्रियापद बदलून भागत नाही. दीज आणि धिस, दे आणि इट, मेनी आणि मच हेही त्याबरोबर बदलतात. वर्डमध्ये डेटा शोधा आणि प्रत्येक ठिकाणी अख्खं वाक्य वाचा. सगळं एका फटक्यात बदलू नका, कारण 'द डेटा सेट इज' मधला कर्ता सेट आहे. एपीए पाळलं तरी तिथे इजच राहतं.