तुम्ही विचारलंत म्हणून: बरोब्बर एक

"मॅडम, अर्धा अधिक पाव अधिक अर्धपाव असं कितीही मिळवत गेलं तरी थोडं उरतंच ना? मग उत्तर बरोब्बर एक कसं? 'जवळजवळ एक' म्हणा की!"

हो, उरतं. मी हे कधी नाकारलेलं नाही. तरी वर्गात, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे अशा सुरात ऐकवलं जातं, की जणू ते उरलेलं मी पदराआड लपवते आहे. म्हणून आधी ते उरलेलंच समोर ठेवते.

आमच्या आजीच्या घरची मापं होती: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. शेरभराच्या डब्यात तांदूळ भरायला घ्या. अच्छेर घातलं की अच्छेर कमी. पावशेर घातलं की पावशेर कमी. मग नवटाक घातलं की नवटाक, छटाक घातलं की छटाक. जे माप शेवटी ओतलं, नेमकं तेवढंच डब्याला कमी पडतं. छटाकाच्या खाली मापांना नावं नसली तरी हा नियम मोडत नाही. विसाव्या मापानंतर कमी पडणारा भाग शेराच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान होतो, कारण दोनचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. लहान होतो, शून्य होत नाही. इथपर्यंत तुमचं आणि माझं एकमत आहे.

मी अडते ती 'जवळजवळ' या शब्दापाशी. पण त्याकडे वळण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. पूर्वी हा प्रश्न कुणी विचारला की मी चिडायची, आणि त्या चिडण्याचं मूळ या गोष्टीत आहे.

शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. अकरावीचा वर्ग, गुणोत्तर श्रेढी: प्रत्येक पद आधीच्याला एकाच संख्येने, r ने, गुणून मिळतं. अनंत पदांची बेरीज मी तेव्हा सगळे शिकवतात तशीच शिकवायची. फळ्यावर लिहिलं:

S = १/२ + १/४ + १/८ + १/१६ + …

दोन्ही बाजूंना दोनने गुणलं:

२S = १ + १/२ + १/४ + १/८ + …

पहिला एक सोडला तर उजवीकडे पुन्हा S च उभा आहे. म्हणजे २S = १ + S, म्हणून S = १. तीन ओळी. वर्ग खूश झाला, मीही खूश झाले. मला ही सिद्धता फार आवडायची. 'उरतं ना थोडं?' असं विचारणाऱ्यांची तोंडं ती बंद करते, असं मला वाटायचं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून काहीतरी लिहीत होती. शांत मुलगी. तिने हात वर केला आणि वही घेऊन फळ्यापाशी आली. तिने लिहिलं होतं:

T = १ + २ + ४ + ८ + …
२T = २ + ४ + ८ + १६ + …

"मॅडम, खालच्या ओळीत वरचीच श्रेढी आहे, फक्त पहिला एक नाही. म्हणजे २T = T − १. म्हणून T = −१. सगळ्या पायऱ्या तुमच्याच आहेत. पण सगळ्या संख्या धन असताना बेरीज ऋण कशी येईल?"

मागून कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "सूत्राखाली अट लिहिली आहे ती वाचली नाहीस का? r चं केवल मूल्य एकपेक्षा कमी हवं. तुझा r दोन आहे."

ती म्हणाली, "अट वाचली, मॅडम. पण तुमच्या तीन ओळींत ती अट कुठे वापरली?"

मी फळ्याकडे पाहिलं. कुठेच वापरली नव्हती. दोनने गुणताना नाही, वजा करताना नाही. जी सिद्धता अट न वापरता पार पडते, ती अट मोडणाऱ्या श्रेढीलाही तितक्याच आनंदाने लागू होते आणि −१ देते. त्या मुलीने सिद्धतेतली नेमकी फट दाखवली होती, आणि मला त्या क्षणी ती भरता येत नव्हती. मी म्हटलं, "पेपरात हे विचारत नाहीत. सूत्र लिही आणि जागेवर बस." हे मी मोठ्याने म्हटलं. सगळा वर्ग हसला. ती बसली. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही. बारावीला ती आमच्याकडे नव्हती.

माझ्या बाजूनेही थोडं बोलते. तासाला साठ-सत्तर मुलं, डोक्यावर अभ्यासक्रम, आणि मला स्वतःला कॉलेजात ही श्रेढी याच तीन ओळींत शिकवली गेली होती. पुढे सीमेची, म्हणजे 'लिमिट'ची, व्याख्या मी पाठ केली, तिच्यावरची गणितं सोडवली. पण ती व्याख्या या तीन ओळींच्या आधी यायला हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण यातल्या एकाही गोष्टीमुळे त्या मुलीला बसवणं योग्य ठरत नाही.

मी त्याच रात्री बसून काढलं ते आता सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

त्या तीन ओळींत चूक पहिल्याच ओळीत आहे. 'S =' असं लिहिलं की आपण मान्य करून बसतो, की उजवीकडे जे आहे त्याला एक ठरावीक किंमत आहे. ती आहे की नाही हाच तर प्रश्न होता. किंमत आहे असं एकदा धरलं, की पुढच्या ओळी खऱ्या: किंमत असलीच तर ती एक असणार. मुलीच्या श्रेढीत आंशिक बेरजा, म्हणजे पहिल्या काही पदांच्या बेरजा, १, ३, ७, १५ अशा पळत सुटतात, त्या कुठल्याच संख्येपाशी स्थिरावत नाहीत. तिथे T ला किंमतच नाही. नसलेल्या गोष्टीला दोनने गुणून −१ आला, त्याला अर्थ नाही.

मग किंमत आहे हे कशावरून ठरवायचं? आपल्याला बेरीज येते ती मोजक्या संख्यांची. दोन मिळवायच्या, मग तिसरी, मग चौथी. अनंत संख्या कुणीच मिळवून संपवलेल्या नाहीत. म्हणून 'अनंत पदांची बेरीज' या शब्दांना अर्थ आपणच द्यावा लागतो. तो असा दिला जातो: पहिल्या n पदांची बेरीज घ्या. ती आपल्या श्रेढीत १ − १/२ⁿ आहे, अच्छेर-पावशेराच्या हिशेबात आपण हेच पाहिलं. n वाढत जाताना या बेरजा ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहतात, त्या संख्येला श्रेढीची बेरीज म्हणायचं. जिथे अशी संख्या असते ती श्रेढी अभिसारी. अटीचं काम इथे आहे: आपल्या श्रेढीत r = १/२, म्हणून १/२ⁿ म्हणजेच rⁿ, आणि r चं केवल मूल्य एकपेक्षा कमी असेल तरच rⁿ शून्याकडे जातो. r = २ असेल तर तो फुगतो.

आता 'जवळजवळ एक'. मी विचारते, म्हणजे कोणती संख्या? नाव घ्या. ०.९९९ म्हणालात तर दहाव्या पदालाच बेरीज तिच्या पुढे गेलेली असते. ०.९९९९९९ म्हणालात तर विसाव्या पदाला. एकपेक्षा कमी अशी कोणतीही संख्या सांगा, बेरजा तिला मागे टाकतात आणि परत येत नाहीत. ती उत्तर असूच शकत नाही. आणि एकच्या पुढे कुठलीच बेरीज कधी जात नाही. तुम्ही ज्याला 'जवळजवळ' म्हणता ते बेरजा चालत असतानाचं वर्णन आहे, आणि ते बरोबर आहे. श्रेढीची बेरीज म्हणजे त्या बेरजा जिथे निघाल्या आहेत ते ठिकाण. ते ठिकाण नेमकं एक आहे.

हे माझ्या हाती लागलं तेव्हा वाटलं होतं की हे सगळं युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातलं. काटेकोर व्याख्येपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे, फ्रेंच गणिती कोशीचं पुस्तक १८२१चं. पण पुढे केरळच्या नीळकंठ सोमयाजींच्या आर्यभटीयभाष्याबद्दल वाचलं आणि मी थांबले. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा तो गणिती १/४ + १/१६ + १/६४ + … ही श्रेढी घेतो, जिची बेरीज १/३ आहे, आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: ही तेवढीच वाढते हे कशावरून, आणि तेवढी वाढते हे तरी कशावरून? उत्तराची वाट साधी आहे. १/३ मधून १/४ काढा, १/१२ उरतो. १/१२ मधून १/१६ काढा, १/४८ उरतो. दर वेळी उरतो तो शेवटच्या पदाचा तिसरा हिस्सा. काहीतरी उरतंच, म्हणून १/३ ओलांडला जात नाही. उरलेलं दर पायरीला चौथाई होत जातं, म्हणून १/३ च्या अलीकडे कुठे थांबणंही नाही. तुम्ही मला यातला पहिलाच अर्धा विचारता, 'उरतं ना?' दुसरा अर्धा विचारत नाही.

त्या तीन ओळी शिकवायची त्याच काळातली माझी आणखी एक चूक. "पदं लहान लहान होत जातात, म्हणून बेरीज आटोक्यात राहते," असं मी सांगायची. हे खोटं आहे. १ + १/२ + १/३ + १/४ + … इथेही पदं शून्याकडे जातात. पण १/३ + १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार मिळून अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. असे अर्धे संपत नाहीत, म्हणून बेरीज कुठेच थांबत नाही. दहा ओलांडायला मात्र तिला १२,३६७ पदं लागतात. पहिली शंभर पदं पाहून कुणीही फसेल.

आता मी 'S =' शेवटी लिहिते. आधी आंशिक बेरजा, मग १ − १/२ⁿ, आणि १/२ⁿ भोवती लाल खडूने गोल, कारण अट तिथे कामाला येते. तीन ओळींची ती युक्ती त्यानंतर दाखवते, तिच्याशेजारी १ + २ + ४ + ८ ठेवून. ती वही कुणाची होती हे मुलांना सांगत नाही.

तरी सगळं मिटलं असं म्हणवत नाही. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "व्याख्या तुम्हीच केलीत. मग उत्तर एक आलं यात नवल काय?" मी म्हटलं, बेरीज कुठल्याही आंशिक बेरजेपेक्षा कमी असू नये एवढं तर तू मान्य करशील. त्याने केलं. म्हणजे ती एक किंवा एकपेक्षा जास्त. आणि जास्त का नाही? कारण अशा संख्यांतली सर्वांत लहान आपण निवडतो. "निवडतो," त्याने माझाच शब्द परत केला. मी म्हटलं, त्या जास्तीच्या भागासाठी श्रेढीत एकही पद नाही. तो म्हणाला, "आणि शेवटच्या छटाकासाठी?" शेवटचं पद नाहीच, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पटल्यासारखी नाही. तास संपला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तोच प्रश्न घेऊन आला, आणि या वेळी मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.